‘मम्मी’ म्हणणारी मुलगी : जाहिरातीतले मूल, पालकांची संमती आणि तिच्या हद्दी

१

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी अमळनेरातल्या एका कापड दुकानाची पोस्ट माझ्या मोबाइलवर आली. पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. सोबत त्याने ‘सर, अभिनंदन’ असे लिहिले होते. पोस्टमध्ये माझी नात होती. अंगात अंजिरी रंगाचा घेरदार फ्रॉक, हातात पेटलेली फुलबाजी, मागे दुकानाची पाटी. चित्राखाली चार ओळी होत्या. पहिलीत तिचे नाव आणि आडनाव, दुसरीत ‘वय वर्षे सात’, तिसरीत तिच्या शाळेचे नाव व इयत्ता, आणि चौथीत ‘आमची लाडकी छोटी ग्राहक’ असे म्हणून दुकानाचा पत्ता. मला इतका आनंद झाला, की मी ती पोस्ट लगेच आणखी तिघांना पाठवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातल्या दोषाचा वाटा माझ्याकडेही आहे.

पाडव्याला सकाळी मी तिला घेऊन झेंडूची फुले घ्यायला बाजारात गेलो. फुले तोलणाऱ्या अनोळखी गृहस्थांनी तिच्याकडे पाहिले आणि तिला नावाने हाक मारली. ‘‘दुसरीत ना गं तू?’’ असे विचारून त्यांनी शाळेचेही नाव घेतले. माणूस सरळ होता. कौतुकापलीकडे त्याच्या मनात काही नव्हते. पण नातीने माझे बोट घट्ट धरले आणि घरी येताना विचारले, ‘‘आजोबा, त्यांना माझं नाव कसं माहीत?’’

आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवताना मी मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवला : या मजकुरात बोलते कोण, कोणाविषयी बोलते आणि कोणाच्या अधिकाराने? त्या चार ओळींना मात्र मी तो विचारला नव्हता. प्रस्तुत लेखात तो विचारायचा आहे. दुकानाच्या पोस्टमध्ये मूल येते तेव्हा त्या मुलाचे नेमके काय होते, पालकांची संमती म्हणजे कशाकशाची संमती, आणि संमती असली तरी कुठे थांबावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

२

हा प्रश्न अमळनेरातून विचारण्याला एक कारण आहे. मूल आणि जाहिरात यांचे नाते या गावाला नवे नाही. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने कंपनी काढली आणि तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरात उभा राहिला. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ हा कपड्याचा साबण ही तिची सुरुवातीची उत्पादने. याच कंपनीची पुढे विप्रो झाली, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात तिने चंदन व हळदीचा ‘संतूर’ साबण बाजारात आणला. त्याची जाहिरात माझ्या पिढीला डोळे मिटूनही दिसते. एक तरुणी लोकांच्या नजरेत भरते. कोणीतरी तिला कॉलेजातली मुलगी समजतो. तेवढ्यात एक लहान मुलगी ‘मम्मी!’ म्हणत धावत येते आणि पाहणारा चकित होतो.

या जाहिरातीची रचना नीट पाहण्याजोगी आहे. सगळी कलाटणी त्या मुलीच्या एका शब्दावर उभी आहे. ती आली नाही तर जाहिरातच उरत नाही. तरीही त्या मुलीविषयी आपल्याला काय कळते? तिचे नाव कळत नाही, गाव कळत नाही, शाळा कळत नाही. पडद्यावरची आई तिची खरी आई नाही, हेही आपण गृहीत धरतो. वर्षे लोटली, आया बदलल्या, मुली बदलल्या, आणि कोणती मुलगी कधी होती हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. जाहिरातीला एक भूमिका हवी होती. ती भूमिका एका मुलीने काही काळ केली आणि उतरवून ठेवली. स्त्रीने सदैव तरुण दिसावे या तिच्या आग्रहावर पुष्कळ टीका करता येईल, पण मुलीपुरते बोलायचे तर भूमिकेचे पांघरूण तिच्या अंगावर होते.

त्याहून सुरक्षित म्हणजे चितारलेले मूल. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी १९६६ पासून दर आठवड्याला नवे काहीतरी बोलते आणि वयाने वाढत नाही, कारण ती सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरातसंस्थेत युस्टेस फर्नांडिस यांनी काढलेली आकृती आहे. पार्ले-जीच्या पुड्यावरचे मूलही चित्रच आहे, असे कंपनीने सांगितले आहे. पण गंमत अशी, की लोकांचे समाधान चित्रावर होत नाही. ते मूल म्हणजे अमुक गावच्या अमुक बाई, असे सांगणाऱ्या गोष्टी वर्षानुवर्षे फिरत राहिल्या. त्यांत काही खऱ्या व्यक्तींची नावेही गोवली गेली. ज्यांचा त्या पुड्याशी संबंध नव्हता त्यांनाही लोकांनी तिथे बसवले. चित्रातल्या मुलामागे खरे मूल शोधण्याची ओढ पाहणाऱ्याच्या मनात असतेच, एवढे यावरून दिसते. जाहिरात करणाऱ्याने ही ओढ गृहीत धरली पाहिजे. दुकानाच्या पोस्टने नेमके उलटे केले. शोधायला काही शिल्लकच ठेवले नाही.

३

आता त्या पोस्टकडे पुन्हा वळू. ‘मम्मी’ म्हणणाऱ्या मुलीत आणि फुलबाजी धरलेल्या माझ्या नातीत फरक हाच, की माझ्या नातीला भूमिका दिलेली नव्हती. ती स्वतःच होती. फ्रॉक घालणारी कोणीतरी मुलगी म्हणून ती तिथे उभी नव्हती, तर अमुक नावाची, अमुक शाळेतली, अमुक गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात येणारी म्हणून उभी होती. दुकानदाराला ते हवेच होते. मोठ्या कंपनीला अनोळखी सुंदर मूल चालते. गावातल्या दुकानाला ओळखीचे मूल लागते. ‘सरांच्या नातीने इथून कपडे घेतले’ हा त्या पोस्टचा खरा संदेश होता आणि त्यासाठी नाव लिहिणे भागच होते. म्हणजे छोट्या गावातल्या जाहिरातीचे बळ जिथे आहे, नेमका तिथेच मुलाचा धोका आहे.

त्या चार ओळी सुट्या घेतल्या तर कोणतीच घातक नाही. नाव शाळेत सगळ्यांना माहीत असते. शाळा गणवेशावरून कळते. वय चेहऱ्यावर दिसते. दुकान तर रस्त्यावरच आहे. पण या चार गोष्टी एका चेहऱ्याखाली आल्या, की त्यांचा पत्ता तयार होतो. अनोळखी माणसाला मुलाजवळ जायला जी पहिली पायरी लागते, म्हणजे नावाने हाक मारता येणे, ती आपण त्याला आयती बांधून देतो. नावाने हाक मारणारा माणूस मुलाला परका वाटत नाही. आपण मुलांना ‘अनोळखी माणसाबरोबर जाऊ नको’ असे शिकवतो, आणि पोस्ट त्या अनोळखी माणसाला ओळखीचा करून टाकते.

चित्रातही वाचण्यासारखे बरेच असते. पाटीवरचा पत्ता, मागे उभ्या असलेल्या स्कूटरचा नंबर, खांद्यावरच्या दप्तरावर शिवलेले नाव. पोस्ट दर शनिवारी शिकवणीनंतरच्या वेळेला पडत असेल, तर त्या वेळी ते मूल कुठे असते हेही कळते. मी नंतर ती पोस्ट मोठी करून पाहिली. फ्रॉकच्या खिशातून शाळेच्या ओळखपत्राची निळी दोरी डोकावत होती. छायाचित्र काढणाऱ्याला, माझ्या मुलाला आणि मला, तिघांनाही ती दिसली नव्हती.

पोस्टचे पुढचे आयुष्यही सांगितले पाहिजे. दुकानाने ती व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवली होती. स्टेटस चोवीस तासांनी नाहीसे होते म्हणून ते निरुपद्रवी, अशी समजूत आहे. पण त्या चोवीस तासांत ज्यांनी स्क्रीनशॉट घेतला त्यांच्याकडे ते राहतेच. लग्नसराईत त्याच दुकानाने तेच छायाचित्र फुलबाजी कापून पुन्हा वापरले. आणि उन्हाळ्यात एका नातेवाइकाने दुसऱ्या तालुक्याच्या गावातून फलकाचा फोटो पाठवला. तिथल्या कुठल्याशा दुकानाच्या फलकावर माझी नात अंजिरी फ्रॉक घालून हसत होती. त्या दुकानाला ते चित्र कोणी दिले नव्हते. त्यांनी ते उचलले होते.

४

दुकानदाराने परवानगी घेतली नव्हती का? घेतली होती. त्याने माझ्या मुलाला फोन केला, ‘‘भाऊ, पोरीचा एक फोटो टाकू का?’’ मुलगा म्हणाला, ‘‘टाका ना.’’ फ्रॉकवर दोनशे रुपये सूट मिळाली. फुलबाजीची सूचना छायाचित्र काढताना ऐन वेळी आली. एवढीच ही संमती. ती खोटी नव्हती, पण ती कशाला होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. नावाला होती का? शाळेला? लग्नसराईला? ‘टाका ना’ या दोन शब्दांत यातले काहीच मावत नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहू. जाहिरातीतले मूल कायद्याला दोन रूपांत दिसते. एक, काम करणारे मूल. दुसरे, जिची माहिती कोणी वापरत आहे अशी व्यक्ती.

पहिल्या रूपासाठी १९८६चा बालकामगार कायदा आहे. २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट मनाई केली, पण दोन अपवाद ठेवले. शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करणे हा एक, आणि चित्रपट, मालिका, जाहिरात यांत कलाकार म्हणून काम करणे हा दुसरा. दुसऱ्या अपवादाला २०१७च्या नियमांनी बऱ्याच अटी घातल्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी. त्यांच्याकडे सहभागी मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेला जबाबदार असलेल्या माणसाचे नाव देणे. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेव म्हणून. शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते : मुलाच्या इच्छेविरुद्ध आणि संमतीविना त्याला सहभागी करता येणार नाही. म्हणजे कायद्याला आईबापांच्या होकाराखेरीज मुलाचा स्वतःचा होकारही हवा आहे.

या नियमांची भाषा निर्माता, चित्रीकरण, कार्यक्रम अशी आहे. ती स्टुडिओ डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली. गल्लीतल्या दुकानात मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र तिला दिसत नाही. आणि घरच्या उद्योगाचा जो पहिला अपवाद आहे, त्यातून तर मोठी वाट निघते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२२ साली मनोरंजन क्षेत्रासाठी जो मसुदा काढला, त्यात समाजमाध्यमांचा समावेश झाला, पण कुटुंबानेच तयार केलेला व्हिडिओ हा कौटुंबिक उद्योगातले काम मानावा असा विचारही मांडला गेला. इथे मला गंभीर अडचण दिसते. शेतात आईला मदत करणारे मूल संध्याकाळी घरी परतते आणि ते काम तिथेच संपते. पोस्टमधले मूल घरी परतले तरी त्याचे काम चालूच राहते. शिवाय दुकान बापाचेच असेल तर संमती देणारा आणि ती मागणारा एकच माणूस होतो. त्या दोघांमध्ये मुलाची बाजू कोण घेणार?

दुसऱ्या रूपासाठी २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. ओळखू येणारा चेहरा ही माहितीच. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूपुरती, माहिती घेऊन दिलेली आणि निःसंदिग्ध असावी लागते. ती देणे जितके सोपे होते तितकेच परत घेणेही सोपे असले पाहिजे. संमतीची विनंती मराठीतून वाचायला मिळण्याचा पर्यायही मिळाला पाहिजे. घरगुती, खाजगी वापराला हा कायदा लागत नाही. पण बापाने मुलीचा फोटो कुटुंबाच्या गटावर टाकणे आणि तोच फोटो दुकानाच्या पानावर टाकणे या दोन वेगळ्या कृती आहेत. दुसरीला घरगुती म्हणणे मला तरी ओढाताणीचे वाटते.

संमती केव्हा घ्यावी याचाही एक धडा शिकवणी वर्गांच्या बाबतीत मिळतो. निकाल लागला, की चौकाचौकांत मुलांच्या चेहऱ्यांचे फलक झळकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरायचे तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही त्याला यश मिळाल्यानंतर घेतलेली, असे त्यांत म्हटले आहे. प्रवेशाच्या वेळी फीच्या अर्जावर घेतलेली सही चालत नाही. यामागचा विचार साधा आहे. काय दिले जात आहे हे समोर दिसल्यावरच होकाराला अर्थ येतो.

५

हा विचार धरून, त्या एका फ्रॉकच्या पोस्टसाठी काय करायला हवे होते ते मी दुकानदाराबरोबर बसून लिहून काढले. दिवाळीनंतर मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो आधी दुखावला होता. ‘‘सर, तुमनी नात ती मनी नात,’’ तो म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या दोन्ही मुलांच्या पोस्ट मला दाखवल्या. त्याच्या प्रेमाविषयी मला शंका नव्हती. मी एवढेच विचारले, की फुलवाल्याला तिचे नाव कसे कळले. तो गप्प झाला, आणि मग त्यानेच वही काढली.

पहिली गोष्ट आम्ही ठरवली ती क्रमाची. आधी छायाचित्र, मग निवड, मग मजकूर, आणि सही सर्वांत शेवटी. पालकाने आणि मुलाने ती पोस्ट जशी दिसणार तशी पाहायची आणि नंतरच होकार द्यायचा. हा क्रम पाळला असता तर ओळखपत्राची निळी दोरी कोणाच्या तरी नजरेला पडली असती.

मग कागद. तो एका पानाचा, मराठीत. छायाचित्र कुठे दिसेल : दुकानाच्या एका पानावर आणि स्टेटसवर, फलकावर नाही, पैसे देऊन पसरवलेल्या जाहिरातीत नाही, कपडा पुरवणाऱ्या कंपनीकडे नाही. कधीपर्यंत : वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत. नंतर ते काढून टाकायचे, आणि पुन्हा वापरायचे तर पुन्हा विचारायचे. मजकुरात नाव, वय, शाळा, गल्ली काहीच नाही. ‘२६ नंबरचा घेरदार फ्रॉक’ एवढेच. पालकांना टॅग करायचे नाही, कारण पालकांच्या पानावरून सगळे पुन्हा मिळते. पोस्टखालच्या कॉमेंट बंद. रील असेल तर ती उतरवून घेण्याची आणि तिच्यावर दुसरी रील बनवण्याची सोयही बंद. निवडलेल्या छायाचित्राखेरीज बाकीची सगळी पालकांसमोर पुसायची, नोकराच्या मोबाइलमधली आणि आपोआप साठणाऱ्या प्रतींमधलीही. मोबदला सुटीच्या रूपाने पालकांच्या खिशात न जाता मुलीच्या खात्यावर.

काढून टाकण्याची अट आम्ही सर्वांत सविस्तर लिहिली. कोणाला फोन करायचा, त्याचे नाव आणि नंबर. निरोप मिळाला, की त्याच दिवशी काढायचे. कारण विचारायचे नाही. नुसते लपवून न ठेवता पुसायचे. आणि खाली एक ओळ : ‘लोकांनी जतन केलेल्या प्रती आम्ही परत आणू शकत नाही.’ दुकानदाराला ही ओळ नको होती. गिऱ्हाईक घाबरेल, असे त्याला वाटले. पण ज्या संमतीत ही ओळ नाही ती माहिती घेऊन दिलेली संमती म्हणता येणार नाही. हे वाचून एखादे पालक मागे फिरले, तर त्यांनी योग्य वेळी मागे फिरायला हवे होते, एवढाच त्याचा अर्थ.

मुलाचा होकार कागदावर मावत नाही. तो वेगळा विचारावा लागतो, शक्यतो आईबाप शेजारी हसून खुणावत नसताना. सात वर्षांचे मूल परिणाम समजून होकार देऊ शकत नाही हे खरे, पण नकार ते नीट देऊ शकते, आणि तो शेवटचा मानला पाहिजे. तो नेहमी शब्दांत येत नाही. मूल दर फोटोनंतर ‘झालं का?’ विचारते, सांगितल्यावरच हसते, आईच्या पदराआड जाते, पाणी मागत राहते. ही चिन्हे दिसली, की कॅमेरा खाली ठेवायचा.

आता राहिल्या त्या हद्दी, ज्या कोणाच्याही सहीने ओलांडता येऊ नयेत. माझ्या नातीच्या हातातली फुलबाजी ही त्यांतली पहिली. जाहिरातदारांनी स्वतःसाठी स्थापलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाच्या संहितेत काडेपेटी, ज्वालाग्राही किंवा स्फोटक वस्तूंशी खेळणारी मुले दाखवण्याविरुद्ध नियम आहे. दिवाळीच्या पोस्टमध्ये आपण तो सर्रास विसरतो. कृत्रिम धाग्यांच्या घेरदार फ्रॉकातल्या मुलीच्या हातात पेटती फुलबाजी देऊन आपण फ्रॉक विकतो, आणि ते पाहून दुसऱ्या घरात दुसरी मुलगी तशीच उभी राहते. दुसरी हद्द देहाची : कपडे बदलतानाचे, आंघोळीचे चित्र नको, ते कितीही गोड वाटो. तिसरी लाजेची : रडणे, ओरडा खाणे, आजारपण, रंगाची किंवा जाडीची तुलना विनोदासाठीही नको. आज हसणारे मूल पंधराव्या वर्षी त्याच चित्राने वर्गात छळले जाऊ शकते. चौथी खरेपणाची : ‘मला हेच दुकान आवडतं’ असे वाक्य मुलाच्या तोंडी घालू नये. वस्तूची ग्वाही देण्याचे ते वय नाही.

पोस्ट बरी झाली की नाही हे तपासायची एक सोपी रीत आम्हाला सापडली. गावाबाहेरच्या एखाद्या माणसाला ती दाखवायची आणि विचारायचे, ‘या मुलीला उद्या भेटायचे तर कुठे जाशील आणि काय हाक मारशील?’ त्याला उत्तर देता आले तर पोस्ट चुकली.

६

यावर दुकानदाराचा आक्षेप असा, की मग ओळखीच्या मुलाचा उपयोगच काय? तो खरा आक्षेप आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. नाव गाळले, की गावच्या पोस्टची अर्धी ताकद जाते. ती जाऊ द्यावी, असे माझे म्हणणे आहे. कारण ती ताकद मुलाच्या अंगातून काढलेली असते.

हे सांगताना मला या गावाचे दुसरे देणे आठवते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरात शिक्षक होते. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. एका मुलाचे खाजगी बालपण, त्याची चोरी, त्याची लाज, त्याचे रडणे, सगळे त्यात जगासमोर आले. पण ते उघड करणारा तोच मुलगा होता, मोठा झालेला. काय सांगायचे, काय झाकायचे ते त्याने स्वतः ठरवले, आणि तरीही स्वतःला श्याम हे दुसरे नाव दिले. आजच्या मुलांचे बालपण मात्र दुसरेच कोणी लिहीत आहेत, त्यांच्या खऱ्या नावाने, आणि ते मोठे होण्याची वाट न पाहता. फ्रान्सने ऑक्टोबर २०२०च्या कायद्यात सोळा वर्षांखालील मुलांच्या अशा व्हिडिओंवर बंधने घातली. त्यात एक तरतूद अशी आहे, की मूल स्वतः, आईबापांच्या परवानगीविना, आपले चित्रण काढून टाकण्याची मागणी करू शकते. आईबापांची सही शेवटची नाही, हे तिथल्या कायद्याने मान्य केले. आपल्याकडेही ही तरतूद हवी. ती येईपर्यंत दुकानाच्या कागदावर एक ओळ वाढवायला कोणाची हरकत नसावी : मुलाने कधीही ‘काढा’ म्हटले तर काढू.

यंदा त्या दुकानाने अंगणात दोरी बांधून फ्रॉक ओळीने वाळत घातल्यासारखे लावले आणि त्यांचे छायाचित्र टाकले. एका कोपऱ्यात दोन मुली पाठमोऱ्या उभ्या आहेत. विक्री गेल्या वर्षीइतकी झाली नाही, असे दुकानदार म्हणतो. कारण पोस्ट की कापसाचा भाव, ते त्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या दुकानाने दोन फोन झाल्यावर फलक उतरवला. स्क्रीनशॉट किती मोबाइलमध्ये आहेत ते मोजण्याचा मार्ग नाही. ज्या तिघांना मी स्वतः पोस्ट पाठवली होती, त्यांना मी पुसायला सांगितले. दोघांनी पुसल्याचे कळवले.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी नातीला विचारले, तुझी गोष्ट लिहू का? ती आता आठ वर्षांची आहे. तिने विचारले, ‘‘माझं नाव लिहिणार?’’ मी नाही म्हणालो. ‘‘शाळेचं?’’ तेही नाही. ती जरा विचार करून म्हणाली, ‘‘मग लिहा. पण फ्रॉक अंजिरी होता, ते नक्की लिहा.’’